वेटेज 50 टक्क्यांचे, निकाल मात्र 20 टक्क्यांचा!

समजा, कॉलेजच्या समितीला दोनपैकी एकाच विद्यार्थी प्रोजेक्टला निधी द्यायचा आहे. वेटेज ठरले: उपयुक्तता 50 टक्के, व्यवहार्यता 30 आणि सादरीकरण 20. प्रत्येक निकषाला 10 पैकी गुण.

विहिरीची पाणीपातळी मोजणाऱ्या सेन्सरला अनुक्रमे 8, 7, 4 मिळाले. हजेरीच्या अ‍ॅपला 7, 7, 9. वेटेजप्रमाणे बेरीज केली तर सेन्सर 6.9 आणि अ‍ॅप 7.4. म्हणजे निधी अ‍ॅपला!

असे का झाले?
उपयुक्ततेत परीक्षकांनी हात राखून 7 आणि 8 दिले. फरक एका गुणाचा, निकालात फक्त 0.5. सादरीकरणात मात्र फरक 5 गुणांचा, निकालात पूर्ण 1. कमी वेटेजच्या निकषाचा परिणाम दुप्पट झाला.

मग करायचे काय?
वेटेज बदलण्याआधी गुणांचा अर्थ ठरवायला हवा. वापरणाऱ्यांशी बोलून गरज तपासली असेल तर 9, नुसता अंदाज असेल तर 4, असे आधीच लिहून ठेवावे. सेन्सरच्या टीमने शेतकऱ्यांना विचारले असेल आणि अ‍ॅपच्या टीमने कुणालाच नाही, तर निकाल 7.4 विरुद्ध 5.9 असा उलटतो.

प्रस्ताव खरोखर तुल्यबळ असतील, तर ओढूनताणून फरक दाखवू नये. पण यादी लावण्याआधी प्रत्येक निकषातला सर्वाधिक आणि सर्वात कमी गुणांमधला फरक वेटेजने गुणून पाहावा. निकाल नेमका कशाने ठरला, ते तिथेच कळते. हा तक्ता विद्यार्थ्यांनाही दाखवला पाहिजे.