काळवंडलेला दात उजळताना

समजा, नगरच्या एखाद्या मुलाला पंधराव्या वर्षी कबड्डीत दाताला मार लागला, रूट कॅनाल झाले आणि लग्न ठरताना तो दात करडा दिसू लागला. असा दात आतून उजळता येतो. पण माझ्या मते घाई नको. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड भरून उष्णता दिलेल्या अशा दातांची मुळे हिरडीजवळ झिजल्याचे हॅरिंग्टन व नॅटकिन यांनी १९७९ साली नोंदविले. औषध मुळाबाहेर झिरपू शकते. म्हणून मुळातील भरणावर आधी २ मिलिमीटर सिमेंटचा थर द्यावा. मग सोडियम परबोरेट पाण्यात कालवून भरावे, उष्णता टाळावी. ही झीज बहुधा दुखत नाही. ती एक्स-रेतच दिसते. म्हणून दरवर्षी तो काढण्याचा आग्रह मी धरतो.