अंगावर काढायचे ते किती तास?

बोम्मसंद्र्यात हा प्रश्न वरवर पाहता पडूच नये. होसूर रस्त्यालगतच्या या औद्योगिक वसाहतीत नारायणा हेल्थ सिटीसारखे मोठे रुग्णालय-संकुल उभे आहे. ऑगस्ट २०२५पासून मेट्रोची पिवळी मार्गिका थेट इथवर येते आणि १०८ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८पासून धावते आहे. तरीही रात्री अकरा वाजता, तासाभरापूर्वी बदललेले पॅड पुन्हा भिजलेले पाहून बाई बहुधा एवढेच म्हणते, ‘उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ.’ या वाक्याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे, पण त्यामागे एक हिशेब असतो. जवळच्या खासगी कॅज्युअल्टीचे बिल किती होईल, बायकांसाठीचे सरकारी वाणी विलास रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरवर, मेट्रो रात्रभर चालत नाही, पहाटेची शिफ्ट आहे, मुले झोपली आहेत. हा हिशेब आधी नीट ऐकून घेतला पाहिजे.

थांबणाऱ्यांच्या बाजूने आकडेही बोलतात. एका पाळीत एकूण रक्त साधारण तीस-चाळीस मिलीलिटर जाते, आणि ऐंशीच्या पुढे गेले तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. नेहमीच्या आकाराचे भिजलेले पॅड दहा-पंधरा मिली रक्त धरते असे मानले, तर रात्रीच्या आठ तासांत शंभरेक मिली होतात. रक्तदान शिबिरात आपण एका बैठकीत साडेतीनशे मिली देतो आणि बिस्किट खाऊन घरी येतो. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात सव्वातीन-साडेतीन लिटर रक्त असते. शिवाय या तक्रारीमागची बहुतेक कारणे, म्हणजे गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी किंवा चाळिशीनंतर हार्मोन्सची बिघडलेली घडी, अखेर ओपीडीतच तपासली जातात. मध्यरात्री गेले तरी पुष्कळदा एक इंजेक्शन आणि ‘सकाळी ओपीडीला या’ एवढेच पदरात पडते. एखादा अनुभवी डॉक्टरसुद्धा हाच सल्ला देईल, आणि तो चुकीचा असेलच असे नाही.

मात्र रक्तदात्याशी केलेली ही तुलना एका ठिकाणी मोडते. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर शिबिरात रक्त घेतच नाहीत. दाता निवडलेला असतो. महिनोन्‌महिने जास्त जाणारी बाई त्या निवडीत बसत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. कर्नाटकात हे प्रमाण निम्म्याच्या किंचित खाली आहे. जिचे हिमोग्लोबिन आधीच सातवर आले आहे, तिच्या दृष्टीने साडेतीनशे मिली ही वेगळीच रक्कम आहे. शिवाय रात्रीचे मोठे पॅड छोट्याच्या कितीतरी पट धरते, आणि संडासात पडलेल्या गाठी कोणी मोजतच नाही. आणखी एक गोष्ट, शिबिरातली पिशवी भरली की सुई काढतात. इथे सुई कधी निघेल हे कोणालाच माहीत नसते.

तेव्हा मोजायचे ते नेमके काय? ‘जरा जास्त जातंय’ या वाक्यातून काहीच कळत नाही. आपल्या घरांत या विषयावर आवाज खाली जातो आणि त्याबरोबर आकडाही नाहीसा होतो. पॅड ‘भिजले’ म्हणजे ते कडेपर्यंत ओले झाले, बाजूने गळू लागले. डाग पडला म्हणून सवयीने बदललेले पॅड या मोजणीत धरायचे नाही. कापड वापरणाऱ्यांना हे माप कठीण जाते; त्यांनी रात्रीपुरते पॅड वापरून पाहावे. मासिक पाळीचा कप वापरणारीला सोपे, कारण कपावर मिलीच्या खुणा असतात. पडणारी गाठ दहा रुपयांच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी असेल, तर तीही लिहून ठेवायची.

किती तासांनी निघायचे, याबाबत वैद्यकातही एकवाक्यता नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भाषा ‘सलग कित्येक तास दर तासाला पॅड’ अशी सैल आहे. गर्भपाताच्या गोळ्यांनंतरचा प्रचलित निकष मात्र वेगळा आहे: सलग दोन तास, तासाला दोन मोठी पॅड. ‘कित्येक’ म्हणणाऱ्याला कॅज्युअल्टी विनाकारण भरू नये असे वाटते, ‘दोन’ म्हणणाऱ्याला उशीर झालेली बाई दिसत असते. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. घरात बसून रात्री ठरवणाऱ्या माणसाला मात्र सैल शब्दाचा उपयोग नाही, म्हणून आम्ही दोन तासांच्या बाजूने आहोत. दर तासाला एक पॅड पूर्ण भिजणे सलग दोन तास चालले आणि वेग उतरत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

एक उदाहरण कल्पू. मूळची निपाणीची, एकेचाळीस वर्षांची, औषधांच्या पॅकिंग लाइनवर काम करणारी बाई. पाळीचा दुसरा दिवस. फायब्रॉइड असल्याचे गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीत दिसले होते. पॅड बदलले आठ चाळीसला, मग साडेनऊला, मग दहा वीसला. अकरा पाचला चौथे, आणि त्याबरोबर लिंबाएवढ्या दोन गाठी. नवऱ्याचे म्हणणे असे की मागच्या महिन्यातही असेच झाले आणि सकाळी थांबले होते. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण नणंद मनगटावर बोटे ठेवून, घड्याळात बघून नाडी मोजते. पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर मिनिटाला ९४. दोन मिनिटे उभी केल्यावर १२६ आणि डोळ्यांपुढे अंधारी. बसल्या जागी शंभरच्या पुढे गेलेली किंवा उभे राहताच तिसाने वाढलेली नाडी म्हणजे शरीर तूट भरून काढण्यासाठी धडपडते आहे. रक्तदाब या वेळी अगदी ठीक दिसू शकतो. तरुण अंगात तो टिकून राहतो आणि पडतो तेव्हा फार उशिरा पडतो. लगेच केलेले हिमोग्लोबिनही फसवते, कारण पेशी आणि पाणी बरोबरच जातात. आकडा खाली यायला काही तास लागतात. ‘बीपी नॉर्मल आहे’ या शब्दांवर घरी परतू नये, ते यासाठी.

ती निघते. नणंद बजावते, ‘वहिनी, संडासाला जाताना आतून कडी लावू नका.’ हे शहाणपणाचे आहे, कारण भोवळ बहुधा तिथेच येते. स्कूटरवर मागे बसून जाणेही टाळलेले बरे. तिथे पोहोचल्यावर काय होते हे ठाऊक असले तर भीती थोडी उतरते. दोन जाड सुया लावतात, रक्तगट आणि जुळवणीसाठी नमुना घेतात, लघवीची गर्भचाचणी करतात, सोनोग्राफी होते. रक्तस्राव आटोक्यात आणायला ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड आणि हार्मोनच्या गोळ्या दिल्या जातात. फार थोड्या बायकांना त्याच रात्री क्युरेटिंग लागते किंवा गर्भाशयात फुग्याची नळी ठेवावी लागते.

दुसरीकडे, याच बाईचा दुसरा प्रसंग घ्या. तिसऱ्या पॅडनंतर वेग उतरला, साडेअकराचे पॅड एक वाजेपर्यंत अर्धेच भरले, नाडी बसून ८२ आणि उभी राहून ९०, चक्कर नाही, पोटात वेगळी कळ नाही, गरोदरपणाची शक्यता नाही. अशा वेळी तिने घरीच थांबून सकाळी पहिल्या नंबराला जावे. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली ट्रानेक्झामिकची गोळी असेल तर ती चिठ्ठीप्रमाणे घ्यावी. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या बाईने मात्र ती विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन तर कोणीच घेऊ नये. अशा बाईला रात्री बाहेर काढणारा सल्ला अतिरेकी ठरेल, हे मान्य करायला हवे.

इथपर्यंत वाद राहतो. पुढच्या काही बायकांच्या बाबतीत तो आम्हाला उरलेला दिसत नाही. गरोदर असलेली किंवा पाळी चुकलेली बाई. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नाहीत ती. गर्भपाताच्या गोळ्या घेतलेली. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेली. यांनी दोन तास मोजत बसू नये. गर्भ नळीत राहिला असेल तर बाहेर थोडेच रक्त दिसते आणि आत पोटात साचते. एका बाजूची तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, घेरी ही त्याची लक्षणे. ‘माझे ऑपरेशन झाले आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही. नसबंदीनंतर गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर नळीत राहण्याची शक्यता वाढलेली असते. मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी दहा मिनिटांत निम्मा प्रश्न सोडवते. वयात नुकत्याच आलेल्या मुलीला पहिल्या काही पाळ्यांतच असे जात असेल, तर रात्रीचे निकष तिलाही तेच. शिवाय रक्त गोठण्याचा जन्मजात दोष आहे का, हे नंतर तपासून घ्यावे.

गर्भपाताच्या गोळ्यांविषयी थोडे अधिक. डॉक्टरांना न विचारता, मेडिकलमधून आणून गोळ्या घेतलेली बाई कॅज्युअल्टीत ते सांगत नाही. ओरडतील, पोलीस येतील असे वाटते. तिची भीती समजण्यासारखी आहे. मात्र न सांगण्याची किंमत तिलाच मोजावी लागते. आत काही राहिले आहे का, की गर्भ मुळातच नळीत होता, हा शोध मग उशिरा सुरू होतो. भारतात गर्भपात १९७१च्या कायद्याच्या चौकटीत होतो, आणि डॉक्टरसमोर गोळीचे नाव व घेतल्याची वेळ सांगणे तिच्याच हिताचे आहे.

उरतो पैशाचा मुद्दा, आणि तो उडवून लावता येण्यासारखा नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले की जीव वाचवण्याचे कर्तव्य सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांवर आहे आणि बाकीच्या औपचारिकता नंतर. निकालाने बिल मात्र माफ होत नाही. म्हणून कोठे जायचे हे रक्त जात असताना नव्हे, आधी ठरवावे. जवळच्या नर्सिंग होममध्ये रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्त मिळते का, आनेकल किंवा शहरातले सरकारी रुग्णालय गाठायला किती वेळ लागतो, ईएसआय कार्ड कुठे ठेवले आहे, हे दिवसाउजेडी विचारून ठेवता येते. अंगात त्राण असताना वीस किलोमीटर जाऊन खर्च वाचवणे रास्त आहे. भोवळ येत असेल तर जे सर्वांत जवळ आहे तिथेच जावे आणि बिलाचे सकाळी बघावे.

पॅड बदलल्याच्या वेळा कागदावर लिहून सोबत न्या. दारातच ‘किती वाजल्यापासून, किती पॅड’ हे विचारतील. आणि सकाळी दहाचा दवाखान्यातला नंबर वाया गेला, तर जाऊ द्या.