दोन पगारांच्या घरातील उचल खाते

भागीदारीची पेढी चालविणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. प्रत्येक भागीदाराने घरखर्चासाठी पेढीतून किती उचल करावयाची, हे आधी ठरलेले असते. जो तो गल्ल्यातून लागेल तसे घेऊ लागला, तर विक्री उत्तम असूनही वर्षाअखेरीस ताळेबंद कोरडा निघतो. मात्र याच घरांतील मुले-सुना नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झाल्या, की दोघांचे पगार दोन खात्यांत जमा होतात आणि उचलीचा हा नियम मागे राहतो.

उदाहरणादाखल पुण्यातील एक दांपत्य घेऊ. पती ३४ वर्षांचा, हातात येणारा पगार ९५,०००. पत्नी ३२ वर्षांची, पगार ८५,०००. मूल नाही आणि तूर्त तसा विचारही नाही. घराचा हप्ता ४८,०००, दोन्हीकडील आईवडिलांसाठी १५,०००, विम्याचा महिन्याला पडणारा भार ५,०००, आणि किराणा, वीज, मोलकरीण, पेट्रोल मिळून ४२,०००. अटळ खर्च झाला १,१०,०००. एसआयपी २०,००० ची. म्हणजे दरमहा ५०,००० शिल्लक राहावयास हवेत. प्रत्यक्षात महिनाअखेरीस दोन्ही खाती जवळजवळ रिकामी असतात, आणि दोघांपैकी एकालाही आपण उधळे आहोत असे वाटत नाही.

ते खोटेही नसते. पत्नीस पतीचे खाते दिसत नाही, पतीस पत्नीचे. आपला खर्च किरकोळ आहे आणि खरी बचत दुसऱ्याच्या खात्यात होत असेल, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत असते. मुले असलेल्या घरात शाळेची फी ठरल्या तारखेस दारात उभी राहते आणि हिशेब मांडावाच लागतो. येथे अशी तारीख बाहेरून येत नाही. ती दोघांनी स्वतः घालून घ्यावी लागते.

पहिले काम म्हणजे मागील बारा महिन्यांची खतावणी. दोन्ही खात्यांचे आणि सर्व क्रेडिट कार्डांचे उतारे समोर ठेवून, अटळ खर्च वगळून उरलेल्या नोंदी चार-पाच सदरांत मांडाव्यात. पूर्ण वर्ष घ्यावे. दोन-तीन महिने पाहून भागत नाही. आपल्याकडे चातुर्मासात बाहेरचे खाणे बरेचसे थांबते आणि दिवाळीच्या सुमारास खरेदी उसळते, त्यामुळे थोड्या महिन्यांवरून काढलेली सरासरी हमखास चुकते. आपल्या दांपत्याची ६ लाखांची नोंद अशी निघाली: प्रवास १,८६,०००, कपडे व उपकरणे १,६२,०००, बाहेरून मागविलेले जेवण व हॉटेल १,६८,०००, आणि उरलेले ८४,००० टॅक्सी व निरनिराळ्या वर्गण्यांत. प्रवासाचा प्रत्येक दिवस दोघांना आठवत होता. त्या खर्चाविषयी खंत नव्हती. मात्र १,६८,००० रुपयांच्या जेवणांपैकी चार-पाच प्रसंगांपलीकडे काही सांगता येईना. कात्री कोठे लावावी, हे अशा स्मरणावरून चांगले कळते.

त्यानंतर उद्दिष्टे. ती एकत्र बसून लिहू नयेत, कारण जो आधी बोलतो त्याचेच मत कागदावर उतरते. दोघांनी स्वतंत्र चिठ्ठ्यांवर तीन-तीन लिहाव्यात: कशासाठी, किती रक्कम, कोणत्या वर्षी. मग अदलाबदल करावी. येथे पतीने लिहिले, मोठा फ्लॅट, हप्ता ८०,००० पर्यंत. पत्नीने लिहिले, चाळिशीत दीड वर्ष नोकरी सोडून शिक्षण. ही दोन उद्दिष्टे एका घरात एकत्र नांदू शकत नाहीत, हे चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावरच ध्यानात आले.

निवाडा करण्यास एक साधी कसोटी आहे: अटळ खर्च दोघांपैकी मोठ्या पगारात बसतो का? आजच तो १,१०,००० आहे आणि मोठा पगार ९५,०००. म्हणजे एकाची नोकरी गेली किंवा कोणी आजारी पडले, तर दरमहा १५,००० ची तूट. हप्ता ८०,००० झाला तर ही तूट ४७,००० वर जाईल आणि दोघांपैकी कोणालाही पुढील अनेक वर्षे थांबता येणार नाही. माझ्या मते अपत्य नसलेल्या दांपत्याची मोठी चूक हॉटेलातील जेवणात नसते, ती अशा हप्त्यात असते. जेवण पुढच्या महिन्यात बंद करता येते, हप्ता येत नाही.

म्हणून फ्लॅट मागे पडला आणि क्रम ठरला. प्रथम सहा महिन्यांच्या अटळ खर्चाइतकी, म्हणजे ६,६०,००० ची गंगाजळी. त्यांच्या मुदत ठेवीत ३,८०,००० होते. कमी पडतात २,८०,०००. त्यानंतर पत्नीचे शिक्षण. म्हातारपणासाठीची २०,००० ची एसआयपी मात्र तशीच चालू ठेवावयाची, कारण त्या वयात आधाराला स्वतःची पुंजीच मुख्य असणार.

आता उचल. प्रत्येकाने आपली एसआयपी आपल्याच खात्यातून जाऊ द्यावी. पतीने विनामोबदला दिलेले पैसे पत्नीच्या नावे गुंतविले, तर त्यावरील उत्पन्न प्राप्तिकरासाठी पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. पत्नीने दिले तरी नियम तोच. उरलेला पगार संयुक्त खात्यात वळवावा आणि अटळ खर्च तेथूनच जावा. त्याच खात्यातून पहिल्या तारखेस प्रत्येकी १२,००० दोघांच्या स्वतंत्र उचल खात्यांत जातात. पगार कमी-जास्त असला तरी उचल सारखीच ठेवावी आणि तिचा हिशेब कोणी कोणास विचारू नये. हा भाग किरकोळ वाटेल, पण चौकशीचा जाच सुरू झाला की महिन्या-दोन महिन्यांत सारी व्यवस्था मोडते.

मोबाइलवरील यूपीआय फक्त या उचल खात्यास जोडावे आणि खाजगी क्रेडिट कार्डाचे बिलही येथूनच भरावे. खात्यात ९०० रुपये उरले की ते खातेच बोलते. बिल पूर्ण न भरता पुढे ढकलण्याची वेळ आली, तर उचलीची मर्यादा ओलांडली जात आहे, असे ओळखावे. प्रवासासाठी संयुक्त खात्यातून १२,००० वेगळे ठेवले. या रीतीने ७०,००० पैकी २४,००० उचल, १२,००० प्रवास आणि ३४,००० उद्दिष्टांसाठी लागतात. एसआयपी वगळता उरलेल्या १४,००० तून गंगाजळीची तूट वीस महिन्यांत भरते. तेच १४,००० पुढे सहा वर्षे शिक्षणासाठी ठेवले, तर व्याज न धरताही १०,०८,००० होतात. दीड वर्षाच्या रजेत पगाराची तूट व दोघांची उचल मिळून दरमहा ३९,००० लागतील, एकूण ७,०२,०००. उरलेले तीन लाख शुल्कास. त्या काळात एसआयपी व प्रवास थांबतील, हेही आताच लिहून ठेवलेले बरे. महागाईने हे आकडे वाढतील, पण पगारही वाढतील.

आणि घसरण नेमकी पगारवाढीतूनच सुरू होते. वाढ झाली, तरी बचतीची रक्कम तीच राहिली, तर वाढीचा सारा भाग खर्चात मुरला असे समजावे. म्हणून वाढीचे पत्र हाती येताच, नवा पगार जमा होण्यापूर्वी, तिच्यातील किमान अर्धा भाग उद्दिष्टांकडे वळविण्याची सूचना बँकेस द्यावी. उचलीची रक्कम मात्र वर्षातून एकदाच, पाडव्याला वह्या बदलताना, दोघांच्या संमतीने बदलावी.