एकोणपन्नास रुपयांच्या नोंदी

ऐरोलीतली ती, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारी. एप्रिल २०२५चे बँक स्टेटमेंट घरभाडे तपासायला उघडले, तर ४९ रुपयांच्या यूपीआय नोंदींची रांगच. आयपीएलचा महिना, घरी येताना लोकलमध्येच फँटसी अ‍ॅपवर कॅप्टन ठरवायचा, ४९ रुपये भरून संघ लावायचा. तिने एक्सेलला फिल्टर लावला: ८६ नोंदी, गेले ४,२१४, परत आले १,१५०. म्हणजे ३,०६४ रुपयांचा खड्डा. जिंकले की अ‍ॅप फोन वाजवून सांगे, हरल्यावर चिडीचूप. (आदल्याच रविवारी आईला तोऱ्यात सांगून झाले होते, "अगं, जिंकतेय मी!") तरी मेमध्ये ती खेळलीच, फक्त कमी. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा वॉलेटमध्ये ३७ रुपये होते. तेवढे तिने काढून घेतले.