एक गोरसपाक, शनिवारचा

या सदरातले वर्ध्याचे मास्तर परवा बालमित्राकडं गेले आणि नेहमीचंच झालं. चहाच्या आधी बशी आली. बशीत गोरसपाक, गाईच्या तुपाचा वास दारापर्यंत पोहोचलेला. मास्तर नको म्हणाले, तसा मित्र बशी घेऊन शेजारीच बसला. "अबे, एकानं काय होते? आमच्या घरचं चालत नाही काय आता तुले?"

मास्तरांना लागलं ते दुसरं वाक्य. गोडाची गोष्ट मैत्रीवर नेली की माणूस एक तर खातो, नाही तर पोट बिघडल्याची थाप मारतो. मास्तरांनी या वेळी खरं तेच सांगितलं.

"एकानं काहीच होत नाही. पण तू एकावर कधी थांबलास?"

मग हिशेब निघाला. मास्तरांचं वजन 82 किलो. तीन महिन्यांत 78 वर यायचं आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. म्हणजे रोज 340 च्या आसपास कमी खायला हव्यात, आणि तेवढ्या ते भात नि तेल आवरून कमी करतात. त्यांनी घरच्या काट्यावर गोरसपाक ठेवून पाहिला होता: 25 ग्रॅम. कणीक, तूप, साखर धरली तर अंदाजे सव्वाशे कॅलरी. रोज दोन खाल्ले तर 340 तले 90 उरतात, आणि तीन महिन्यांचं काम वर्षभर लांबतं.

"मंग सोडूनच दे ना पुरा!"

तेही मास्तरांना नको. शनिवारी एक, चहासोबत, सावकाश. रविवारी काटा थोडा वर दिसला तरी ते घाबरत नाहीत. एका दिवसाची चढउतार बहुतेक पाण्याची असते. रोज सकाळी वजन करून ते आठवड्याची सरासरी बघतात. दर पंधरा दिवसांनी बेंबीपाशी टेप लावतात. तो 98 सेंटिमीटरवरून 96 वर आलाय, आणि त्यांना त्याचाच जास्त आनंद आहे.

इथं मास्तरांना गांधीजी आठवले. सेवाग्रामला यायच्या कितीतरी आधी, 1915 मध्ये हरिद्वारच्या कुंभात, गांधीजींनी दिवसभरात पाचापेक्षा जास्त पदार्थ न खाण्याचं व्रत घेतलं. त्यात वजनाचा संबंध नव्हता. जातील तिथले यजमान त्यांच्यासाठी नाना पदार्थ रांधत, सगळं घर त्यात राबे. ते त्यांना सोसवेना. पाहुण्यानं आपली मर्यादा आधीच सांगितली की यजमानाचेही कष्ट वाचतात, हा विचार मास्तरांना फार पटतो. त्यांनी वहिनींनाही तेच सांगितलं: येण्याआधी फोन करीन, नुसता चहा ठेवा, माझ्या कपात साखर नको.

मित्र जरा वेळ गप्प बसला. मग एक गोरसपाक कागदात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवला.

"शनिवारचा हाय तो तुह्या नावानं. पोट्ट्यायनं खाल्ला त मले नको बोलू."