पदवी कायद्याची, मान्यता वर्षाची

म्हैसूरमध्ये मानसगंगोत्रीच्या शेजारी मुक्तगंगोत्री हा कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचा परिसर आहे. १९९६ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाला म्हैसूर विद्यापीठाच्या जुन्या पत्रद्वारा शिक्षण संस्थेचा वारसा आहे. ‘बनावट विद्यापीठ’ म्हणावे अशी ही संस्था नव्हती, आजही नाही. तरीही जून २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर सूचना काढली की, या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांना २०१२-१३ पर्यंतच मान्यता होती आणि पुढील प्रवेशांना ती नाही. सूचना निघाली तेव्हा २०१३ चे विद्यार्थी दोन वर्षे शिकून झाले होते. दूरशिक्षणाच्या मान्यतेविषयी लिहिताना मला हेच प्रकरण सर्वांत बोधक वाटते, कारण यात फसवणूक करणारी खोटी संस्था नाही.

आयोगाचे मुख्य आक्षेप दोन होते. एक, राज्याच्या कायद्याने निर्माण झालेले विद्यापीठ राज्याच्या हद्दीबाहेर अभ्यासकेंद्रे चालवत होते. राज्याचा कायदा राज्याच्या सीमेपलीकडे अधिकार देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या यशपाल खटल्यात खासगी विद्यापीठांच्या संदर्भात स्पष्ट केलेच होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. खासगी संस्थांशी करार करून अध्यापनाचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले होते आणि त्यांत तांत्रिक अभ्यासक्रमही होते. विद्यापीठाचे नाव, शिक्का आणि गुणपत्रिका म्हैसूरची; वर्ग मात्र दूरच्या एखाद्या शहरातील व्यापारी इमारतीत.

आता कर्नाटकाबाहेरच्या अशा एखाद्या केंद्रात २०१३ च्या जुलैत तांत्रिक पदवीसाठी नाव नोंदवणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. विद्यापीठ सरकारी आहे, हे त्याने पाहिले. ते आयोगाच्या यादीत आहे, हेही पाहिले, आणि तो तेवढ्यावर थांबला. येथेच चूक झाली. विद्यापीठ आयोगाच्या कायद्याच्या कलम २(च) खालील यादीत असणे ही त्या संस्थेची ओळख आहे. दूरस्थ पद्धतीने एखादा अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी वेगळी मिळवावी लागते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी मिळते आणि तिला हद्दीची अट असते. आपल्या विद्यार्थ्याचा प्रवेश या तिन्ही बाबतींत निसटत होता. त्याच विद्यापीठाच्या एखाद्या बिगर-तांत्रिक अभ्यासक्रमाला म्हैसूरमध्ये २०१२-१३ साली प्रवेश घेतलेल्याची स्थिती अगदी निराळी होती.

विद्यापीठाला पुन्हा मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये, २०१८-१९ ते २०२२-२३ या पाच वर्षांसाठी आणि ठरावीक बिगर-तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती. ही मान्यता पुढील काळाची होती. मधल्या प्रवेशांना ती आपोआप पुरत नाही, आणि २०१३-१४ व २०१४-१५ च्या विद्यार्थ्यांना आपल्या पदव्यांसाठी निराळा झगडा करावा लागला. त्यांच्या बाबतीत मला विद्यापीठाइतकाच आयोगाचाही दोष दिसतो. दूरशिक्षण परिषदेकडून अधिकार आयोगाकडे येण्याच्या संक्रमणकाळात परवानगी संपली आणि सार्वजनिक इशारा निघायला दोन वर्षे लागली. नियामकाने उशिरा दिलेल्या सूचनेची किंमत विद्यार्थ्याने मोजावी, हे न्याय्य नाही.

आज तपासणी त्या मानाने सोपी आहे. आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या deb.ugc.ac.in या संकेतस्थळावर प्रत्येक सत्रासाठी मान्य संस्था आणि त्यांचे अभ्यासक्रम दिलेले असतात. जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी ही सत्रे वेगळी धरली जातात. तेथे विद्यापीठाचे नाव शोधून थांबू नये. माहितीपुस्तिकेत पदवीचे नाव जसे आहे तसेच, त्याच सत्रात, ‘दूरस्थ’ किंवा ‘ऑनलाइन’ यांपैकी आपल्याला हव्या त्या पद्धतीखाली ते आहे का, हे पाहावे. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, परिचर्या, वास्तुकला यांच्या पदव्या या मार्गाने देण्यास मुळातच मनाई आहे, तेव्हा तशी जाहिरात दिसली तर यादी उघडण्याचीही गरज नाही. २०२४ पासून विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी स्वतः डीईबी क्रमांक तयार करणेही आवश्यक झाले आहे. केंद्रचालक ‘ते आम्ही नंतर करून देऊ’ म्हणत असेल, तर तेवढ्यावरून पुरेसे समजावे.

उरला प्रश्न पैशाचा. शुल्क विद्यापीठाच्या खात्यात जाते की केंद्राच्या, हे पावतीवर दिसते, आणि म्हैसूरच्या प्रकरणातील खरा दुवा तिथेच होता. प्रवेशाच्या दिवशीच मंडळाच्या यादीचे ते पान तारखेसह छापून पावतीसोबत ठेवावे. यादी पुढे बदलते आणि चार वर्षांनी नोकरीत पडताळणी होते तेव्हा प्रश्न विचारला जातो तो प्रवेशाच्या वर्षाचा.