आधी फाइल बाजूला ठेवा

सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात भरती झालात की वॉर्डात नव्यानेच आलेला एखादा विद्यार्थी वही घेऊन खाटेपाशी येतो आणि पहिल्यापासून सगळं विचारू लागतो. तुम्ही वैतागून फाइल पुढे करता, "यात सगळं आहे, वाचून घे." माझं स्पष्ट मत आहे, त्या क्षणी तुम्ही फाइल देऊ नये आणि त्यानेही ती उघडू नये.

धरून चाला, सप्टेंबरअखेर देवळीकडची चाळिशीची एक शेतमजूर बाई आली आहे. फाइलवर लिहिलंय 'टायफॉइड', विडाल पॉझिटिव्ह. फाइल आधी वाचणारा विद्यार्थी मुख्य तक्रारीच्या जागी 'टायफॉइड' लिहितो आणि तिथेच फसतो. ते दुसऱ्याचं निदान झालं. तक्रार बाईच्या शब्दांत लिहायची, मुदतीसह, आधी सुरू झालेली आधी : ताप आणि डोकं दुखणं नऊ दिवस, दम लागणं दोन दिवस.

मग एकेका तक्रारीमागे जायचं. ताप एकदम आला की हळूहळू? उतरतो की राहतोच? थंडी वाजते का? जुलाब, लघवीची जळजळ, अंगावर पुरळ? 'नाही' हे उत्तरसुद्धा लिहायचं. काय उपचार झाले? पाच दिवस इंजेक्शनं, फरक नाही. मग जुने आजार, घरात कोणाला ताप, आणि काम.

कामाच्या रकान्यात आमची मुलं 'शेती' एवढंच लिहून मोकळी होतात, याचा मला राग येतो. ताप येण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत नेमकं काय केलं, हे विचारायला हवं. ही बाई सांगते, सोयाबीनचं निंदण केलं, धुऱ्यावरचं गवत कापलं. आता विद्यार्थ्याला स्क्रब टायफस आठवायला हवा. गवतातल्या बारीक माइट किड्यांच्या अळ्या चावून तो होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ होती. चावल्या जागी कधीकधी काळी खपली धरते. ती दुखत नाही, शिवाय काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली असते, म्हणून बाई आपणहून सांगत नाही. शोधावी लागते, आणि नसली म्हणून आजार नाही असं होत नाही. टायफॉइडची नेहमीची इंजेक्शनं यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिनने बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि किडनी अडचणीत येतात.

"ओपीडीत एवढा वेळ कुठे असतो?" असं माझेच व्यवसायबंधू म्हणतात. ही विचारपूस पंधरा मिनिटांची आहे. चुकीच्या इंजेक्शनांत या बाईचे पाच दिवस गेले, त्याचा हिशेब कोण मांडणार?

फाइल यानंतर उघडायची. आपल्या भागात टायफॉइड नसलेल्या माणसाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे त्या एका कागदाला किती मान द्यायचा, हे आता त्या विद्यार्थ्याला कळतं.